घडी पडलेल्या फोटोतला धावफलक

फोटोतला धावफलक वाचायला घेताना मी सर्वांत आधी तळाची ओळ पाहते, कारण वरचा एखादा आकडा पुसट असला तरी एकूण धावा, पडलेले गडी आणि टाकलेली षटके या तीन गोष्टी नीट वाचता आल्या, तर उरलेले पुष्कळसे त्यांच्या आधाराने शोधता येते. माझ्या भाचीने पाठवलेल्या फोटोत ती ओळ सुदैवाने स्वच्छ होती. फोटो होता १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या धावफलकाचा. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर झालेल्या त्या सामन्यात भारताने १८३ धावा करून वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळले आणि ४३ धावांनी विजय मिळवला. पुढे कधीतरी निघालेल्या एका स्मरणिकेत तो फलक आजच्या पद्धतीने, म्हणजे खेळलेले चेंडू आणि स्ट्राइक रेट यांचे रकाने घालून छापलेला होता, आणि त्या पानाचा तिने मोबाइलवर फोटो काढला होता.

भाचीला क्रिकेटची गोडी नुकतीच लागलेली आहे. सामना पाहताना काय चालले आहे ते तिला कळते, पण छापील फलक समोर आला की अक्षरांची आणि आकड्यांची गर्दी तिला परकी वाटते. “मावशी, कोण जिंकले ते मला दिसते आहे, पण कसे जिंकले ते यात कुठे लिहिले आहे?” हा तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. मी क्लबच्या सामन्यांमध्ये बरीच वर्षे धावलेखन केलेले असल्यामुळे फलक भरायची सवय आहे, आणि जो फलक भरतो त्याला तो जुळवून पाहण्याचीही सवय लागते. फोटोत तीन अडचणी होत्या. पानाला पडलेली घडी किरमाणींच्या ओळीच्या उजव्या अर्ध्या भागावरून गेली होती, दिव्याची चकाकी नेमकी अमरनाथांच्या धावांमधल्या दुसऱ्या आकड्यावर पडली होती, आणि गोलंदाजीच्या तक्त्याचे मथळे फोटोच्या चौकटीबाहेर राहिले होते. स्मरणिका ज्यांची त्यांना परत गेलेली असल्यामुळे दुसरा फोटो मिळणार नव्हता. भारताच्या डावातल्या काही ओळी अशा दिसत होत्या:

```
SM Gavaskar     c †Dujon b Roberts         2
K Srikkanth     lbw b Marshall            38
M Amarnath      b Holding                 2?
Yashpal Sharma  c sub (AL Logie) b Gomes  11
BS Sandhu       not out                   11
Extras          (b 5, lb 5, w 9, nb 1)    20
Total           (all out, 54.4 overs)    183
```

आम्ही फलंदाजांच्या ओळींपासून सुरुवात केली. प्रत्येक ओळीत डावीकडे फलंदाजाचे नाव, मध्ये तो कसा बाद झाला याची नोंद आणि उजवीकडे त्याचे आकडे असतात. मधल्या नोंदीत दोन नावे असली की नवख्या माणसाचा गोंधळ होतो. गावसकरांच्या ओळीत ‘सी’ पुढचे नाव झेल घेणाऱ्याचे आणि ‘बी’ पुढचे नाव गोलंदाजाचे आहे, म्हणजे रॉबर्ट्सच्या गोलंदाजीवर दुजाँने त्यांचा झेल घेतला. दुजाँच्या नावाआधी जे कट्यारीसारखे चिन्ह आहे ते यष्टीरक्षकाचे. हे चिन्ह लक्षात घेतले की झेल यष्ट्यांमागे गेला हे फलकावरूनच समजते. कर्णधाराच्या नावापुढे चांदणी छापतात, आणि तीच चांदणी धावांच्या आकड्याला जोडून आली तर फलंदाज नाबाद राहिला असा तिचा अर्थ होतो. चांदणी नावाला चिकटलेली आहे की आकड्याला, एवढे पाहिले की झाले.

श्रीकांतच्या ओळीतले ‘एलबीडब्ल्यू’ म्हणजे पायचीत. यष्ट्यांवर जाणारा चेंडू बॅटऐवजी पायावर अडला, असे पंचांनी ठरवले. अमरनाथांच्या ओळीत केवळ ‘बी’ आणि होल्डिंगचे नाव आहे, म्हणजे ते त्रिफळाचीत झाले आणि त्यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. यशपाल शर्मांच्या ओळीपाशी भाची थांबली, कारण तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. ‘सब’ म्हणजे बदली क्षेत्ररक्षक, कंसात त्याचे नाव, आणि शेवटी गोलंदाज गोम्स. लोगी हा त्या सामन्यातल्या अकरा खेळाडूंपैकी नव्हता. कोणाच्या तरी जागी तो क्षेत्ररक्षणाला आला होता आणि त्याने झेल घेतला. म्हणूनच वेस्ट इंडीजच्या फलंदाजांच्या यादीत त्याचे नाव शोधूनही सापडत नाही, आणि ते न सापडणे हा छपाईचा दोष नव्हे.

या फलकावर न आलेल्या दोन-तीन नोंदीही मी तिला तिथेच सांगून टाकल्या. ‘एसटी’ म्हणजे यष्टिचीत, आणि त्यापुढचे नाव नेहमी यष्टीरक्षकाचे असते. ‘सी अँड बी’ म्हणजे गोलंदाजाने स्वतःच्याच चेंडूवर झेल घेतला. धावचीत असेल तर गोलंदाजाचे नाव अजिबात येत नाही, कंसात क्षेत्ररक्षकाचे नाव येते. कंसात तिरप्या रेघेने जोडलेली दोन नावे असतील तर बहुधा एकाने चेंडू फेकलेला असतो आणि दुसऱ्याने यष्ट्या उडवलेल्या असतात. हा फरक केवळ माहितीपुरता नाही, पुढे गडी मोजताना त्याचा उपयोग होतो.

त्यानंतर अवांतर धावांची ओळ. बॅटला न लागता निघालेल्या किंवा गोलंदाजाच्या चुकीमुळे मिळालेल्या धावा येथे जमा होतात. या ओळीत ‘बी’ म्हणजे बाय, ‘एलबी’ म्हणजे लेगबाय, ‘डब्ल्यू’ म्हणजे वाइड आणि ‘एनबी’ म्हणजे नोबॉल. फलंदाजाच्या ओळीतला ‘बी’ गोलंदाज दाखवतो आणि येथला ‘बी’ बाय दाखवतो. त्याचप्रमाणे ‘डब्ल्यू’ येथे वाइड असतो, पण गोलंदाजीच्या तक्त्यावर मथळा म्हणून आला तर तो बळींचा असतो. अक्षर कुठल्या जागी बसले आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, हे मी तिला मुद्दाम दोनदा सांगितले. कंसातले आकडे मिळवून पाहिले, तर ५, ५, ९ आणि १ यांची बेरीज २० येते आणि ती उजवीकडच्या आकड्याशी जुळते. फोटोत ५ आणि ६, ३ आणि ८, १ आणि ७ या जोड्या एकमेकींसारख्या दिसतात, त्यामुळे ही छोटी बेरीज करून पाहण्यात वेळ वाया जात नाही.

मग मुख्य काम हाती घेतले. १८३ मधून अवांतर २० वजा केले की १६३ उरतात, आणि तेवढ्या धावा अकरा फलंदाजांनी मिळून केलेल्या असल्या पाहिजेत. स्वच्छ दिसणाऱ्या नऊ फलंदाजांच्या धावा भाचीने एकेक करून मांडल्या: गावसकर २, श्रीकांत ३८, यशपाल शर्मा ११, संदीप पाटील २७, कपिल देव १५, कीर्ती आझाद ०, बिन्नी २, मदनलाल १७ आणि संधू ११. बेरीज १२३ आली. म्हणजे अमरनाथ आणि किरमाणी यांनी मिळून ४० धावा केल्या होत्या. पण दोन अज्ञात संख्या एका बेरजेने उलगडत नाहीत. अमरनाथांचा पहिला आकडा २ दिसत होता, म्हणून त्यांच्या धावा २० ते २९ मधल्या कोणत्याही असू शकत होत्या.

येथे स्ट्राइक रेटचा रकाना कामी आला. स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा, आणि धावांना चेंडूंनी भागून शंभराने गुणले की तो निघतो. अमरनाथांच्या ओळीत ८० चेंडू आणि ३२.५० हा स्ट्राइक रेट स्पष्ट दिसत होता. ८० चेंडूंना ३२.५० ने गुणून शंभराने भागले की बरोबर २६ येतात. २५ धावा असत्या तर स्ट्राइक रेट ३१.२५ पडला असता आणि २७ असत्या तर ३३.७५, त्यामुळे शंकेला जागा राहिली नाही. अमरनाथ २६ ठरले की चाळिसातून उरलेल्या १४ धावा किरमाणींच्या, हे आपोआप ठरले.

किरमाणींच्या ओळीत धावांबरोबर चेंडूही घडीखाली गेले होते. तेही काढता येतील का, असे भाचीने विचारले, आणि हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण चेंडूंची बेरीज फार थोडे वाचक करून पाहतात. डाव ५४.४ षटकांचा होता. बिंदूनंतरचा ४ हा दशांश नाही, तो पूर्ण न झालेल्या षटकातल्या चेंडूंचा आकडा आहे. ५४ षटकांचे ३२४ चेंडू आणि वरचे ४, असे ३२८ चेंडू झाले. बाकीच्या दहा फलंदाजांचे चेंडू मिळवल्यावर २८६ आले. ३२८ मधून २८६ गेले की ४२ उरतात, म्हणून तिने ४२ लिहिले. मी तिला अवांतर धावांच्या ओळीतला शेवटचा १ पुन्हा पाहायला सांगितले. नोबॉल षटकाच्या सहा चेंडूंमध्ये धरला जात नाही, पण फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंमध्ये तो धरला जातो, कारण त्यावर फलंदाजाला फटका मारता येतो. वाइड मात्र दोन्हीकडे धरला जात नाही. म्हणून फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज ही षटकांचे चेंडू अधिक नोबॉल इतकी यायला हवी, म्हणजे ३२९, आणि किरमाणींचे चेंडू ४३. घडीच्या अगदी काठाशी त्यांच्या स्ट्राइक रेटचे शेवटचे दोन आकडे अर्धवट दिसत होते. १४ ला ४३ ने भागून शंभराने गुणल्यावर ३२.५५८ येतात; पुढचा आकडा सोडून छापलेल्या ३२.५५ मधले ते दोन पाच तिथे ओळखू आले. अमरनाथांचा आणि किरमाणींचा स्ट्राइक रेट जवळजवळ सारखा असावा, हा योगायोग. पण एकाने तिसऱ्या क्रमांकावर येऊन ८० चेंडू किल्ला लढवला आणि दुसऱ्याने डावाच्या अखेरीस ४३ चेंडू, हे चेंडूंचा रकाना सांगतो आणि स्ट्राइक रेट सांगत नाही.

याच कारणासाठी कपिल देवांची ओळ तिला मी वेगळी दाखवली. १५ धावा ८ चेंडूंत, म्हणजे स्ट्राइक रेट १८७.५०. तो आकडा पाहून त्यांनीच डाव सावरला असे नवख्या वाचकाला वाटू शकते. तो डाव आठच चेंडूंचा होता, हे शेजारच्या रकान्यावरून कळते. सर्वाधिक धावा श्रीकांतच्या, ५७ चेंडूंत ३८, आणि संपूर्ण सामन्यात दोन्ही संघांचा एकही फलंदाज त्यांच्यापुढे गेला नाही. चौकार-षटकारांचे रकाने धावांमध्ये पुन्हा मिळवायचे नसतात, हेही येथेच सांगितलेले बरे. श्रीकांतचे ७ चौकार आणि १ षटकार मिळून ३४ धावा होतात आणि त्या ३८ मध्येच धरलेल्या आहेत.

गोलंदाजीच्या तक्त्याला मथळे नव्हते, तरी रकाने ओळखणे अवघड गेले नाही. षटके, निर्धाव षटके, दिलेल्या धावा आणि बळी हा क्रम बहुतेक सगळीकडे हाच असतो. गार्नरच्या नावापुढे १२, ४, २४, १ असे होते, म्हणजे १२ षटके, त्यांपैकी ४ निर्धाव, २४ धावा आणि १ बळी. त्या स्पर्धेत डाव ६० षटकांचा असे आणि एका गोलंदाजाला जास्तीत जास्त १२ षटके टाकता येत, त्यामुळे पहिल्या रकान्यात १३ वाचला गेला असता तर तो आकडा चुकीचा वाचला, हे तिथल्या तिथे कळले असते. होल्डिंगची ९.४ षटके होती. हा ४ फोटोत ९ सारखा दिसत होता, पण षटकांच्या रकान्यात बिंदूनंतर ५ पेक्षा मोठा आकडा येऊच शकत नाही, कारण सहावा चेंडू पडला की षटक पूर्ण होते. शिवाय बाकीच्या पाच गोलंदाजांची षटके पूर्ण होती आणि त्यांची बेरीज ४५ होती, म्हणजे ५४.४ होण्यासाठी ९.४ च हवी. दोन गोलंदाजांची षटके अपुरी असतील तर बेरीज सहाच्या हिशेबाने करावी लागते. ७.३ आणि २.५ मिळून ९.८ होत नाहीत, १०.२ होतात.

सहा गोलंदाजांच्या बळींची बेरीज १० आली आणि सर्वबाद या नोंदीशी ती जुळली. म्हणजे भारताच्या डावात कोणीही धावचीत झाले नव्हते. मग धावांचा रकाना घेतला: रॉबर्ट्स ३२, गार्नर २४, मार्शल २४, होल्डिंग २६, गोम्स ४९ आणि रिचर्ड्स ८. बेरीज १६३, अगदी फलंदाजांच्या धावांइतकीच. जुळले म्हणून भाची खूश झाली, पण मला येथे तिला थांबवावेसे वाटले, कारण आजच्या फलकावर ही बेरीज अशी येणार नाही. त्या काळी वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या नावावर लावत नसत, त्यामुळे अवांतर वीसच्या वीस धावा तक्त्याबाहेर राहिल्या. आज वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या धावांमध्ये धरले जातात आणि बाय व लेगबाय तेवढे बाहेर राहतात. जुन्या फलकाला नवा नियम लावला तर गार्नर किंवा होल्डिंग यांच्या आकड्यांत काहीतरी गहाळ आहे असा भास होईल, आणि बरोबर छापलेला आकडा आपण चुकीचा ठरवू. धावफलक कोणत्या काळातला आहे हे पाहिल्याशिवाय ही बेरीज करू नये.

या पडताळण्यांना मर्यादाही आहे. दोन आकडे उलट दिशांनी तेवढ्याच फरकाने चुकीचे वाचले गेले तर बेरीज जुळते आणि चूक तशीच राहते. निर्धाव षटकांचा रकाना तर दुसऱ्या कोणत्याही आकड्यावरून तपासता येत नाही. तो पुसट असेल तर पुसटच म्हणायचा.

धावगतीचा हिशेब आम्ही त्यानंतर केला. धावगती म्हणजे एका षटकामागे किती धावा. भाचीने मोबाइलवर १८३ भागिले ५४.४ केले आणि ३.३६ उत्तर आले, तर स्मरणिकेत ३.३४ छापलेले होते. योग्य रीत अशी की धावांना ६ ने गुणायचे आणि एकूण चेंडूंनी भागायचे: १०९८ भागिले ३२८, म्हणजे ३.३४८. कोणी ते ३.३४ लिहितो, कोणी ३.३५, आणि तेवढा फरक छपाईच्या पद्धतीचा समजावा. लांब डावात ही चूक शंभरांशात लपते, पण थोड्या षटकांच्या हिशेबात ती उघडी पडते. ४.५ षटकांत ४५ धावा झाल्या असतील तर थेट भागाकार १० ची गती दाखवतो, प्रत्यक्षात २९ चेंडूंत ४५ म्हणजे ९.३१ ची गती असते. तिने आणखी एक विचारले: संघ सर्वबाद झाला तर उरलेल्या षटकांचे काय? डावाची धावगती टाकलेल्या षटकांवरच काढतात. गुणतक्त्यातली निव्वळ धावगती काढताना मात्र आजच्या नियमाप्रमाणे सर्वबाद झालेल्या संघाची सगळी षटके खर्ची पडली असे धरतात. त्या हिशेबाने १८३ ला ६० ने भागून ३.०५ येतील. एकाच डावाच्या दोन गती कुठे दिसल्या तर कारण हे असते.

गडी कधी बाद झाले ती ओळ मला धावफलकातली सर्वांत बोलकी वाटते. भारताची ओळ अशी होती: १-२, २-५९, ३-९०, ४-९२, ५-११०, ६-१११, ७-१३०, ८-१५३, ९-१६१, १०-१८३. येथे आधीचा आकडा गड्याचा आणि नंतरचा धावांचा असतो, पण तोच फलक डावाची स्थिती लिहिताना १८३/१० असा उलटा क्रम धरतो. आणि ऑस्ट्रेलियातल्या लिखाणात तिथेही गडी आधी येतात. दोन लगतच्या आकड्यांतला फरक म्हणजे त्या जोडीची भागीदारी. २ वरून ५९ म्हणजे श्रीकांत आणि अमरनाथ यांच्या ५७ धावा, आणि त्या डावातली तीच सर्वांत मोठी भागीदारी. ९० आणि ९२, पुढे ११० आणि १११, असे गडी जोडीने पडले हेही त्या ओळीतच आहे. शेवटची जोडी पाहिली तर १६१ वरून १८३, म्हणजे २२ धावा. त्यांत किरमाणी, संधू आणि अवांतर यांचा वाटा प्रत्येकी किती, हे या ओळीवरून सांगता येत नाही. बाद होण्याचा क्रम आणि फलंदाजीचा क्रम वेगळे असतात हेही ध्यानात ठेवावे लागते. पाटील पाचव्या क्रमांकावर उतरले आणि बाद झाले आठवे, १५३ वर. कारण समोरून कपिल देव, आझाद आणि बिन्नी त्यांच्याआधी परतले.

वेस्ट इंडीजचा डाव भाचीने स्वतः वाचला. फलंदाजांच्या धावा १२६, अवांतर १४, एकूण १४०. ५२ षटकांचे ३१२ चेंडू, नोबॉल एकही नाही, आणि फलंदाजांच्या चेंडूंची बेरीजही ३१२. गोलंदाजांनी दिलेल्या धावा १२६, बळी १०. अमरनाथांची ७ षटके, १२ धावा आणि ३ बळी पाहून तिने त्यांना सामनावीर का निवडले असावे ते न सांगता ओळखले. मार्शलने आणि दुजाँने सातव्या गड्यासाठी ७६ वरून ११९ पर्यंत डाव ओढला, हे तिने गड्यांच्या ओळीवरून काढले, तेव्हा तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिचे तिलाच मिळू लागले होते.

तरी एका गोष्टीने तिचे समाधान होईना. वेस्ट इंडीज १ बाद ५० वर असताना उरलेल्या धावा कोणत्या गतीने हव्या होत्या, हे तिला हवे होते, आणि त्या फलकावर गडी कोणत्या षटकात पडला ते छापलेले नव्हते. डावाच्या प्रारंभी ६० षटकांत १८४ म्हणजे ३.०७ ची गती हवी होती, एवढेच त्यावरून सांगता येत होते. म्हणून मी तिला २०१९ च्या विश्वचषकातल्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याचा फलक काढून दिला. आजच्या फलकावर गड्यापुढे षटकही छापतात. येथे एक बारकावा आहे: या ओळीत बिंदूनंतर ६ सुद्धा दिसू शकतो, कारण तिथे षटकातला कितवा चेंडू हे सांगायचे असते आणि सहाव्या चेंडूवर गडी पडू शकतो. टाकलेल्या षटकांच्या रकान्याचा नियम येथे लागू होत नाही.

भारत २२१ वर सर्वबाद, षटके ४९.३. गोलंदाजांच्या बळींची बेरीज ९ आली. दहावा गडी कुठे गेला हे तिने स्वतः शोधले: धोनी ५० धावांवर धावचीत, कंसात गप्टिल. कंसात एकच नाव होते, कारण गप्टिलची फेक थेट यष्ट्यांवर बसली होती. फलंदाजांच्या धावा २०५, अवांतर १६, आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा २१८. अवांतरांत ३ लेगबाय आणि १३ वाइड होते. तेरा वाइड गोलंदाजांच्या नावावर लागले आणि तीन लेगबाय बाहेर राहिले, म्हणून २१८ आणि २२१ यांत तिनाचा फरक. १९८३ च्या फलकावर तिने जे जुळवले त्याच्याशी हे ताडून पाहिल्यावर नियमातला बदल तिला आकड्यांतच दिसला.

मग हव्या असलेल्या धावगतीचा हिशेब. लक्ष्य २४० होते. सहावा गडी ९२ वर, ३०.३ षटकांत पडला. उरल्या १४८ धावा आणि १९.३ षटके, म्हणजे ११७ चेंडू. १४८ गुणिले ६ भागिले ११७ केल्यावर ७.५९ येते. त्यानंतर धोनी आणि जडेजा यांची ११६ धावांची भागीदारी झाली आणि सातवा गडी २०८ वर, ४७.५ षटकांत पडला. १३ चेंडूंत ३२ धावा हव्या होत्या आणि गती १४.७७ वर गेली होती. एवढ्या मोठ्या भागीदारीनंतरही हवी असलेली गती दुप्पट कशी झाली, असे भाचीने विचारले. तिला मी दोन नोंदींमधले चेंडू मोजायला सांगितले. १०४ चेंडूंत ११६ धावा म्हणजे षटकामागे ६.६९. हव्या होत्या ७.५९, आणि षटकामागे राहिलेली जवळजवळ एकेक धाव सतरा षटके साठत गेली. उरलेले चेंडू कमी झाल्यावर तीच तूट थोड्या चेंडूंवर वाटली गेली. आठवा गडी, म्हणजे धोनी, २१६ वर ४८.३ षटकांत बाद झाला. तिथली गती तिने कागदावर मांडली: ९ चेंडूंत २४, षटकामागे १६.